झाले नाहीत, म्हणून बंद कर

भाची माझ्याकडे राहायला आली होती आणि मी शेंगदाणे भाजत होते. ती कट्ट्याला टेकून फोनवर काहीतरी वाचत होती, मधूनच कढईत डोकावत होती. दाण्यांच्या सालीवर ठिपके आले होते, वास सुटला होता, पण तो अजून पूर्ण भरला नव्हता. तिने एक दाणा उचलला, फुंकर मारून तोंडात टाकला आणि म्हणाली, "अजून मऊ आहेत गं मावशी, झाले नाहीत." मी म्हणाले, "हो, झाले नाहीत. गॅस बंद कर." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की माझं डोकं ठिकाणावर आहे ना याची तिला खात्री करून घ्यायची असावी. "झाले नाहीत तर बंद का करायचा?" मी तोवर कढई उचलून दाणे परातीत ओतत होते, हाताला चटका बसत होता, म्हणून "असंच असतं" एवढं म्हणून विषय संपवला. दहा मिनिटांनी तिने परातीतला दुसरा दाणा खाल्ला. तो कुरकुरीत होता. तिने पुढे काही विचारलं नाही, पण माझं ते उत्तर मला दिवसभर टोचत राहिलं. इतकी वर्षं हातातून काम होत गेलं होतं आणि त्यामागचं कारण एका वाक्यात सांगता येत नव्हतं.

कारण एका वाक्यात मावणारं नाहीच. पण ते शोधताना लक्षात आलं, की भाजण्यातल्या बहुतेक गोष्टी त्या एका प्रश्नाशी येऊन थांबतात: दाणा नेमका कधी भाजला जातो? आपल्याला वाटतं, गॅस चालू असताना. पण त्याचा शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा गॅस बंद झाल्यावर घडतो, आणि करपतात तेही बहुधा त्याच टप्प्यात.

आधी पाण्याचं सांगते, कारण सुरुवातीचा सगळा वेळ पाणीच खातं. सुका दिसणारा कच्चा शेंगदाणा सुका नसतो. त्याच्या वजनात साधारण सहा-सात टक्के पाणी असतं. म्हणजे पाव किलो दाण्यांत पंधरा-सोळा ग्रॅम, एक मोठा चमचाभर. कढईत दाणे टाकल्यावर पहिली चार-पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, तेव्हा हे पाणी निघत असतं. उष्णतेचा बराचसा वाटा त्याची वाफ करण्यात जातो, त्यामुळे दाण्याचं तापमान सावकाश चढतं. या काळात दाण्यांवर हात धरला तर तळव्याला दमटपणा जाणवतो, आणि वास येतो तो कच्चट, ओल्या शेंगेसारखा. इथेच माणसाचा धीर सुटतो. काही घडत नाही म्हणून आच वाढवली जाते. बाहेरची साल तेवढ्यात कोरडी होऊन तापते, तिच्यावर काळे डाग पडतात आणि आतला गर मात्र पाणी धरून बसलेला असतो. असा दाणा मधून फोडून पाहावा: कडेला तांबूस रेघ, मध्ये पांढरट. खाल्ला तर आधी कडू आणि मागून कच्चट लागतो. एकाच दाण्यात दोन्ही दोष.

पाणी कमी होत आलं की गोष्टी बदलतात, आणि पटापट बदलतात. तापमान साधारण १४० अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की दाण्यातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडायला लागतात. लुई कामिल मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्याचं नाव आहे. तांबूस रंग तिच्यातून येतो, आणि ज्या वासाने शेजारच्या खोलीतला माणूस उठून येतो तो वासही. आपल्या कामाची गोष्ट अशी, की ही अभिक्रिया दर दहा अंशांमागे दुपटीने-तिपटीने वेग घेते. म्हणून दहा मिनिटं पांढरा राहिलेला दाणा पुढच्या दोन मिनिटांत सोनेरी होतो आणि त्यापुढच्या एका मिनिटात तपकिरी. भाजताना लोक म्हणतात, "आत्ता तर ठीक होते!" ते खरंच असतं. आत्ता ठीकच होते.

आता गॅस बंद केल्यावर काय होतं? दोन ठिकाणी उष्णता शिल्लक असते. एक, कढईत. जाड बुडाची लोखंडी कढई बराच वेळ गरम राहते. गॅस बंद करून दाणे तिच्यातच ठेवले तर बुडाशी टेकलेल्या दाण्यांचं भाजणं तीन-चार मिनिटं चालूच राहतं, आणि आता तुम्ही ढवळतही नसता. दुसरी, खुद्द दाण्यात. शेंगदाण्याचा जवळपास निम्मा भाग तेल असतो आणि हे तेल आतली उष्णता धरून ठेवतं. भाजताना बाहेरचा भाग आतल्यापेक्षा जास्त तापलेला असतो; आच काढली की ती उष्णता बाहेर जाते तशी आतही सरकते. कढईतून काढल्यावरसुद्धा गाभा थोडा वेळ तापतच असतो. ढिगाच्या मधले दाणे तर एकमेकांना गरम ठेवतात. म्हणून परातीत ओतायचे आणि लगेच पसरायचे, शक्यतो एका थरात, हाताने नाही तर उलथन्याने. पसरलेले दाणे काही मिनिटांत निवतात. ढीग करून ठेवलेले पंधरा मिनिटांनीही मधून गरम लागतात, आणि तिथले दाणे कडेच्यांपेक्षा एक छटा गडद निघतात. ज्यांना शंका आहे त्यांनी मुद्दाम अर्धे पसरावेत, अर्धे ढिगात ठेवावेत आणि निवल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत.

राहिला मऊपणा. भाचीला फसवलं ते त्यानेच.

गरम दाणा कधीच कुरकुरीत नसतो. तेल तापून पातळ झालेलं असतं, उरलीसुरली वाफ अजून बाहेर पडायची असते, त्यामुळे दाताखाली तो दबतो. निवता निवता तो कडक होतो. म्हणजे कढईतला दाणा चावून "अजून मऊ आहे" म्हणणारा माणूस खरं बोलत असतो, पण त्यावरून "अजून भाजायला हवा" हा निष्कर्ष काढला की फसला. कढईत कुरकुरीत लागेपर्यंत थांबलात, तर परातीत जाईपर्यंत तो पार पुढे गेलेला असतो. चाखून पाहायचं असेल तर एक दाणा बाहेर काढून थंड ताटलीवर ठेवावा, एक-दीड मिनिट थांबावं आणि मग चावावा. तेवढा वेळ मिळावा म्हणून गॅस आधीच बारीक केलेला बरा. हे सगळं मी भाचीला तेव्हाच सांगायला हवं होतं असं नाही. हातात तापलेली कढई असताना व्याख्यान कोण देतं? पण संध्याकाळी सांगितलं, तेव्हा तिने अगदी रास्त प्रश्न विचारला. चव घेऊन कळत नाही, साल असल्यामुळे रंगावरून कळत नाही, मग कशावरून कळतं?

एकेकाळी मी भाड्याने राहत होते त्या घराच्या मालकीणकाकू कढईकडे पाठ करून भाजायच्या. स्वयंपाकघर सामायिक होतं, म्हणून मला रोज दिसायचं. स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचायचं आणि एक हात मागे नेऊन उलथनं फिरवत राहायचं, बघायचं नाही. मला ते नाटक वाटायचं. त्या वेळी कोणी बोललेलं त्यांना खपत नसे. मी पाणी घ्यायला जरी आत गेले तरी कपाळावर आठी यायची. नंतर कळलं, की त्या ऐकत होत्या. शेंगदाणे सुरुवातीला कढईत फिरतात तेव्हा जड, ठोकळ आवाज येतो. पाणी कमी झालं की तोच आवाज हलका, खुळखुळता होतो. मग एखादी साल तडकते. तडतड अधूनमधून असते तोवर वेळ आहे. ती सलग व्हायला लागली की शेवटची दोन-तीन मिनिटं उरलीत. काकू तडतड सलग झाली की पेपर बाजूला ठेवून उठायच्या, आणि त्यांचे शेंगदाणे कधी कच्चे निघाले नाहीत, कधी करपले नाहीत. तीळ मात्र त्या असेच पाठ करून भाजायच्या आणि हमखास जास्त भाजायच्या. तिळाचा आवाज बारीक असतो, आणि काकूंना ऐकू कमी यायला लागलं होतं हे त्यांना मान्य नव्हतं. गडद तीळच चांगले असतात, असं त्या ठासून सांगायच्या. मी त्यांचे शेंगदाणे आवडीने खायचे आणि तिळाच्या वेळी काहीतरी काम काढून बाहेर जायचे.

तेव्हा आवाज ही एक खूण. वास ही दुसरी, पण तिच्यावर मी स्वतः फार विसंबत नाही. नाक लवकर सरावतं. दहा मिनिटं कढईशी उभं राहिलेल्या माणसाला वासातला बदल कळेनासा होतो. बाहेरून आलेल्याला दारातच कळतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात मी अर्ध्या मिनिटासाठी खिडकीशी जाते, दोन मोठे श्वास घेते आणि परत येते. उलथनं मात्र तेवढ्या वेळापुरतं दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावं, नाहीतर गॅस पूर्ण बारीक करावा. दुसरी अडचण अशी, की करपल्याचा पहिला वास बहुतेकदा दाण्यांचा नसतोच. तो सालींच्या भुग्याचा आणि तुटक्या कण्यांचा असतो. या बारक्या गोष्टी कढईच्या बुडाशी जमतात, दाण्याच्या आधी जळतात आणि त्यांचा धूर चांगल्या दाण्यांना लागतो. भाजायच्या आधी दाणे मोठ्या भोकांच्या चाळणीतून चाळून घेतले तर निम्मी भीती तिथेच संपते. अर्धे तुकडे, सुरकुतलेले बारीक दाणे, भुगा, सगळं वेगळं. तुकडे टाकून द्यायची गरज नाही. ते शेवटी, तापलेल्या कढईत, वेगळे दोन-तीन मिनिटं परतून होतात. याच कारणाने बदाम-काजू आधी भाजावेत आणि मग चिरावेत. चिरून भाजले तर चुरा जळतो आणि काप कच्चे राहतात.

तिसरी आणि खात्रीची खूण म्हणजे दाणा फोडून पाहणं. शेंगदाण्याच्या दोन पाकळ्या वेगळ्या केल्या की आतली सपाट बाजू दिसते. कच्च्या दाण्यात ती पांढरी आणि किंचित ओलसर चकचकीत असते, पाकळ्या सहज सुटतही नाहीत. भाजत गेला की आधी सायीच्या रंगाची होते, मग फिकट पिवळी, मग कडेने तांबूस. मी थांबते ती आतली बाजू फिकट पिवळी आणि कडेला तांबूस छटा जेमतेम दिसू लागलेली असताना. ही छटा परातीत आत सरकते. सपाट बाजू पूर्ण तांबूस होईपर्यंत कढईत ठेवली, तर निवल्यावर ती तपकिरी निघणार. नवशिक्याने एक सोपी गोष्ट करावी: सुरुवातीलाच एक कच्चा दाणा फोडून पांढऱ्या ताटलीत ठेवावा आणि प्रत्येक वेळी फोडलेला दाणा त्याच्या शेजारी मांडावा. रंग मनात आठवून तुलना होत नाही. शेजारी ठेवला की लगेच होते.

पाव किलो दाण्यांचं पूर्ण गणित एकदा मांडते, म्हणजे वर सांगितलेलं हवेत राहणार नाही. कढई एवढी रुंद हवी, की दाणे एक-दीड थरात बसतील. त्याहून जास्त घातले तर खालचे भाजतात आणि वरचे खालच्यांच्या वाफेवर शिजत बसतात. ढवळून ते सारखे होतील ही आशाच. दाणे थंड कढईतच घालायचे आणि मग गॅस लावायचा, मध्यमपेक्षा कमी. मोठा दाणा सावकाश तापला की आत-बाहेर फरक कमी राहतो. पहिली पाच मिनिटं दर अर्ध्या मिनिटाने ढवळलं तरी चालतं. साधारण सहाव्या-सातव्या मिनिटाला आवाज खुळखुळता होतो. इथून हात थांबवायचा नाही, आणि ढवळताना गोल गोल फिरवण्यापेक्षा बुडातले वर आणायचे. वाटोळा दाणा तापलेल्या लोखंडाला एका टिंबाएवढ्याच जागी टेकतो. तो लोळला नाही तर त्याच टिंबावर डाग पडतो. दहाव्या मिनिटाच्या आसपास तडतड सुरू होते, बोटांत चोळल्यावर साल सुटू लागते. इथे गॅस अगदी बारीक. बाराव्यापासून दर मिनिटाला एक दाणा फोडायचा. माझे बहुधा तेरा ते पंधरा मिनिटांत होतात. तुमची कढई पातळ असेल, शेगडी मोठी असेल, दाणे जुने आणि सुकलेले असतील, तर आधी होतील. म्हणून मिनिटं ही फक्त कधी सावध व्हायचं ते सांगायला, कधी थांबायचं ते सांगायला नाहीत. घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर एक गमतीची तपासणी आहे: अडीचशे ग्रॅम दाणे नीट भाजून निवले की २३७-२३८ ग्रॅमच्या आसपास भरतात, पडलेल्या साली धरून. २४५ भरले तर पाणी अजून आतच आहे, वरचा रंग काहीही असो.

वाळूत किंवा मिठात दाणे भाजतात त्यामागेही तो टिंबाचाच प्रश्न आहे. गरम मीठ दाण्याला चारी बाजूंनी भिडतं, त्यामुळे डाग पडत नाहीत आणि वेळ कमी लागतो. पण मीठ स्वतःच इतकी उष्णता धरतं, की वेळेवर चाळून दाणे वेगळे केले नाहीत तर थांबवणं अवघड होतं. मला ते कौशल्याचं काम वाटतं. घरी मी करत नाही.

ओव्हनमध्ये हा टिंबाचा प्रश्न नाही, गरम हवा सगळीकडून लागते. म्हणून बदाम मी ओव्हनमध्येच भाजते. शेंगदाण्यापेक्षा ते मोठे आणि टणक, कढईत त्यांना डाग पडतात आणि गाभा मागे राहतो. १६० अंश, मधला कप्पा, पसरट ट्रेवर एकच थर, आणि खाली बेकिंगचा कागद. पंख्याचा ओव्हन असेल तर १४५ च्या आसपास. पण ओव्हनचा धोका वेगळा आहे: तिथे काही ऐकू येत नाही, दिसतं ते पिवळ्या दिव्यात, आणि दार बंद असल्यामुळे वास बाहेर येईपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत दहा-वीस अंशांचा फरक सर्रास असतो. दहा अंशांनी वेग दुप्पट होतो हे लक्षात घेतलं, तर त्याच पाककृतीने एकाचे बदाम फिके आणि दुसऱ्याचे काळे का होतात ते कळतं. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो. तो घेतल्यावर मला माझ्या ओव्हनबद्दल आदर उरला नाही, पण बदाम सुधारले.

सात-आठ मिनिटांनी ट्रे बाहेर काढून कडेचे बदाम मधे आणि मधले कडेला करायचे, कारण कडा आणि कोपरे नेहमी पुढे असतात. ट्रे परत घालताना मागची बाजू पुढे. गडद रंगाचा ट्रे असेल तर खालची बाजू लवकर रंगते, तेव्हा तपासायला थोडं आधी सुरू करायचं. अकराव्या मिनिटापासून एकेक बदाम आडवा चिरून पाहायचा. शेंगदाण्याप्रमाणेच इथेही साल रंग लपवते, आणि खरं काय ते मधला छेद सांगतो. छेद सायीच्या रंगावरून किंचित पिवळसर तपकिरीकडे झुकला की बाहेर. साधारण तेरा-चौदा मिनिटं लागतात. आणि इथेच बहुतेकांची गफलत होते: ओव्हन बंद करून ट्रे आत ठेवतात, "थोडे अजून होतील" म्हणून. होतात, फार होतात. ओव्हनच्या भिंती कढईहून कितीतरी जास्त उष्णता धरतात. बाहेर काढल्यावरही ट्रे गरमच असतो, म्हणून तो कागद उपयोगी: दोन टोकं धरून सगळे बदाम एका झटक्यात थंड ट्रेवर उतरवता येतात. १८० अंशांवर हेच काम लवकर होतं, पण मी ते टाळते. एक तर चुकायला मिळणारा वेळ निम्म्याहून कमी होतो. दुसरं असं, की बदामात अॅस्परॅजीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं आणि जास्त तापमानात त्यातून अॅक्रिलामाइड हे आरोग्याला अपायकारक ठरू शकणारं रसायन तयार होतं. २००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी ते तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांत सापडल्याचं जाहीर केल्यापासून त्यावर लक्ष ठेवलं जातं. जितकी आच आणि रंग जास्त, तितकं तेही जास्त. फिकट भाजायला हे एक कारण. चव हे माझ्यासाठी त्याहून मोठं.

सगळा मेवा एकाच ट्रेवर भाजायचा मोह मला समजतो, पण पटत नाही. काजूला साल नाही आणि साखर थोडी जास्त, त्यामुळे तो बदामाच्या बराच आधी रंगतो. अक्रोडाच्या सुरकुत्यांवरची पातळ साल लगेच कडवटते आणि त्याचं तेल नाजूक. त्याला १५० अंशांवर आठ-नऊ मिनिटं पुरतात. भोपळ्याच्या बिया तर कढईतच बऱ्या. त्या चपट्या, त्यामुळे लोखंडाला सपाट टेकतात आणि तीन-चार मिनिटांत टपटप फुगतात. बहुतेक बिया फुगून गोलसर झाल्या आणि हिरव्यावर कुठे कुठे सोनेरी आलं, की काढायच्या. हिरवा रंग पूर्ण जाईपर्यंत थांबू नये.

आणि तीळ. काकूंमुळे असेल, तिळाच्या बाबतीत मी जरा हट्टी आहे. इतका लहान दाणा, की त्याला आत आणि बाहेर असा फरक जवळजवळ नसतोच. पाणी क्षणात जातं आणि लगेच रंग सुरू होतो, म्हणून इथे थंड कढईत सुरुवात करण्यात फायदा नाही. कढई हलकी गरम करून घ्यावी, अर्धी वाटी तीळ, मंद आच. धुतलेले असतील तर आधी पूर्ण सुकवलेले, नाहीतर गोळे होऊन चिकटतात. दोनेक मिनिटांत ते उडायला लागतात. आतली वाफ कोंडते आणि दाणा टुणकन उडी मारतो. उडणं जोरात असताना थांबायचं नाही. ते ओसरायला लागलं आणि रंग जेमतेम बदलला, की दोन बोटांत एक दाणा चिरडून पाहायचा. कच्चा तीळ बोटांत सपाट होतो, भाजलेला चुरतो. चुरला की त्याच क्षणी थाळीत. मोठ्या दाण्यासारखी आत उष्णता साठत नाही, त्यामुळे थाळीत तीळ फार पुढे जात नाहीत; पण तापल्या कढईत राहिले तर तीस सेकंदांत जातात. काळ्या तिळात रंग दिसतच नाही. त्यावर उपाय असा, की कढईत चिमूटभर पांढरे तीळ सोडायचे आणि त्यांच्याकडे बघत भाजायचं. पांढरे सोनेरी झाले म्हणजे काळेही झाले. काकूंना हे सांगायची माझी हिंमत झाली नसती.

भाजलेलं झाकायचं कधी, हे भाचीने सगळ्यात शेवटी विचारलं, आणि तिच्या हातात तेव्हा डब्याचं झाकण होतंच. पूर्ण निवल्यावर, अर्ध्या तासाने तरी. कोमट दाणे डब्यात भरले तर उरलेली वाफ झाकणाला लागते, परत दाण्यांत उतरते, आणि जी कुरकुर निवताना आली होती ती डब्यात जाते. भाजलेल्या दाण्याचं तेल कच्च्यापेक्षा लवकर खवट होतं, अक्रोड आणि जवसाचं तर फारच लवकर, त्यामुळे भाजावं थोडंच, हवाबंद डब्यात ठेवावं, आणि साठवायचं ते कच्चं साठवावं.

त्या दिवशीचे शेंगदाणे तिला तरी किंचित फिके वाटले. तिला गडद आवडतात, त्याला माझी हरकत नाही. निवलेले दाणे कमी भाजलेले वाटले तर परत कढईत घालता येतात; करपलेल्यांसाठी असं काही करता येत नाही, काळे निवडून टाकायचे आणि उरलेल्यांना लागलेला कडूपणा सोसायचा. मात्र दुसऱ्या खेपेला एक फरक असतो, आणि तो तिने स्वतः परतून पाहताना मी तिला मुद्दाम सांगितला. पहिल्यांदा पाण्याने दहा मिनिटांची सवड दिली होती. आता ते पाणी नाही. दाणे थेट रंगायला लागतात, तडतडीची सूचनाही मिळत नाही, आणि दोन-तीन मिनिटांत काम होतं. म्हणून दुसऱ्यांदा पहिल्या सेकंदापासून ढवळायचं, आच सगळ्यात बारीक, परात शेजारी तयार, आणि फोन दुसऱ्या खोलीत. शेवटची अट तिला जाचक वाटली.